कन्सोलवर रोज खेळताना ओएलईडी पडद्यावर हेल्थ बारचा ठसा उमटू नये म्हणून काय करावं

ओएलईडी टीव्ही आणि कन्सोल एकत्र घरात आले की पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडतो: खेळात जीव किती उरला ते दाखवणारी कोपऱ्यातली ती लाल-हिरवी पट्टी कायमची पडद्यात उतरणार का? उत्तर देण्याआधी पडद्यात नेमकं काय होतं ते कळायला हवं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

साध्या एलईडी टीव्हीत मागे एक दिवा असतो आणि पुढचा थर तो उजेड अडवतो किंवा सोडतो. ओएलईडीत असा दिवा नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो. तो उजेड देणारा पदार्थ सेंद्रिय असतो आणि वापरानं हळूहळू थकतो. सगळे पिक्सेल सारखेच थकले तर डोळ्याला काहीच जाणवत नाही, पडदा फक्त किंचित मंद होतो. अडचण येते ती झीज कमी-जास्त झाल्यावर. बर्न-इन म्हणजे असमान झीज. भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेलं कॅलेंडर काढलं की मागचा चौकोन वेगळा दिसतो, कारण बाकीची भिंत उन्हानं विटलेली असते. इथेही तसंच होतं, फरक एवढाच की ज्या जागी चित्र होतं तीच जागा विटते.

ही झीज तीन गोष्टींवर ठरते: त्या जागचा पिक्सेल किती उजळ होता, एकूण किती तास होता, आणि पडदा किती तापलेला होता. उजेडाचा हिशेब सरळ नाही. उजेड दुप्पट केला तर झीज दुपटीहून जास्त होते. म्हणून थोडा उजेड कमी केला तरी फायदा बराच मिळतो.

दुसरी गोष्ट तासांची. लोक विचारतात, "सलग सहा तास खेळलो तर चालेल का?" खरं तर विचारायला हवं, "वर्षभरात त्याच जागी तीच पट्टी किती तास राहणार?" झीज साठत जाते. आज तीन तास, उद्या तीन तास, मध्ये झोप झाली म्हणून मीटर शून्यावर येत नाही. सलग खेळण्याचा तोटा वेगळा आहे आणि तो पहिल्याच पायरीत येईल.

इथे एलजीचा सी मालिकेतला टीव्ही आणि पीएस5 अशी जोडी धरली आहे. सोनी, सॅमसंग, एक्सबॉक्स आणि स्विचवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे.

पायरी पहिली: भिंतीवरचं बटण बंद करू नका

ही पायरी मुद्दाम सगळ्यात वर ठेवली आहे, कारण आपल्याकडे टीव्ही बंद करायचा म्हणजे रिमोटनं बंद करून लगेच भिंतीवरचा स्विचही खाली करायचा, अशी घराघरांत शिस्त आहे. वीज वाचते, पावसाळ्यात विजेचा धोका टळतो, आई-बाबांना बरं वाटतं. पण ओएलईडीच्या बाबतीत ही सवय थेट नुकसान करते.

एलजीच्या टीव्हीत एकूण चार तासांचा वापर साठला की पुढच्या वेळी टीव्ही रिमोटनं बंद केल्यावर तो आतल्या आत एक छोटं दुरुस्तीचं काम करतो. पडदा काळा असतो, पण आतलं सर्किट पिक्सेल्सना चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरमधले बदल मोजतं आणि त्याप्रमाणे पुढचा वीजपुरवठा जुळवून घेतं. याला साधारण दहा मिनिटं लागतात. काम संपताना अनेक टीव्हींतून रिलेचा बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. याशिवाय सुमारे 2000 तासांनंतर एक मोठी फेरी होते आणि ती तासभर चालते. सोनी आणि सॅमसंगच्या पडद्यांतही अशी आपोआप होणारी कामं असतात.

भिंतीवरचं बटण बंद असेल तर यातलं काहीच होत नाही. टीव्हीला वीजच नसते, मग तो काम कधी करणार? रोज असं केलं तर महिनोन्‌महिने दुरुस्ती राहून जाते. मग कोपऱ्यात पट्टीची सावली दिसायला लागते आणि दोष खेळाला दिला जातो.

सलग खेळण्याचा तोटा इथेच कळतो. ही छोटी फेरी टीव्ही बंद झाल्यावरच होते. रविवारी सकाळी सुरू केलेला टीव्ही रात्रीपर्यंत चालूच राहिला तर चार तासांनी व्हायला हवं ते काम बारा तासांनी होतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत टीव्ही रिमोटनं बंद करा. कन्सोल रेस्ट मोडमध्ये जाऊ द्या, खेळ तिथेच थांबून राहील. जेवण होईपर्यंत टीव्हीचं कामही उरकलेलं असेल.

घरच्यांना हे पटवणं अवघड असतं, तेव्हा मधला मार्ग सांगतो. रिमोटनं बंद केल्यावर अर्धा तास थांबा, मग हवं तर स्विच बंद करा. वादळी पावसात प्लग काढून ठेवायचा असेल तर तोही याच हिशेबानं काढा. मध्येच वीज गेली तर घाबरू नका. एखाद्या वेळी फेरी अर्धवट राहिल्यानं काही बिघडत नाही, पुढच्या वेळी टीव्ही ती करतो. नुकसान रोजच्या सवयीनं होतं. टीव्ही स्टॅबिलायझरवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर असेल तर तिथलं बटणही तपासा. भिंतीवरचं चालू पण बोर्डावरचं बंद, असं बऱ्याच घरांत असतं.

पायरी दुसरी: टीव्हीतल्या रक्षणाच्या सोयी चालू आहेत ना, ते पाहा

एलजीच्या अलीकडच्या टीव्हीत `Settings` → `General` → `OLED Care` → `OLED Panel Care` इथे जा. जुन्या मॉडेलमध्ये हाच भाग `Support` किंवा `Picture` खाली सापडतो. तिथे तीन गोष्टी असतात.

`Screen Move` चालू ठेवा. यात संपूर्ण चित्र अधूनमधून काही पिक्सेल इकडेतिकडे सरकतं. याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. 4के पडद्यावर चित्र 3840 पिक्सेल रुंद असतं आणि हेल्थ बार त्यातले शेकडो पिक्सेल व्यापतो. चित्र पाच-दहा पिक्सेल सरकलं तरी पट्टीचा मधला भाग पट्टीखालीच राहतो, फक्त कडा पुसट होतात. पण कडा पुसट होणं हाही फायदाच, कारण डोळ्याला तीक्ष्ण कड आधी दिसते. काही जण चित्राची एक बाजू दोन-चार पिक्सेल कापली जाते म्हणून ही सोय बंद करतात. तसं करू नका.

`Adjust Logo Brightness` ही सोय पडद्यावर बराच वेळ न हलणारा उजळ भाग शोधून तो मंद करते. इथे `High` निवडा. चॅनेलचा लोगो असो की खेळातली धावसंख्येची चौकट, दोन्हीला ती उपयोगी पडते. सॅमसंगमध्ये हीच सोय `Panel Care` मध्ये मिळते.

तिसरं `Pixel Cleaning`. त्याला आत्ता हात लावू नका. नावामुळे वाटतं की महिन्यातून एकदा केलं तर पडदा स्वच्छ राहील, पण यात काहीही पुसलं जात नाही. टीव्ही थकलेले पिक्सेल मोजतो आणि त्यांना जास्त वीज देऊन बाकीच्यांच्या बरोबरीला आणतो. जास्त वीज म्हणजे पुढची झीजही जास्त. सोनी तर आपल्या टीव्हीबाबत स्पष्ट सांगते की `Panel refresh` वर्षातून एकदाहून जास्त वेळा करू नका, आणि तेही खोलीचं तापमान 10 ते 40 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतानाच करा. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी बंद खोली चाळिशी गाठते, तेव्हा तिथल्या लोकांनी हे काम रात्री किंवा पहाटे करावं.

एक सोय मात्र मेनूत दिसत नाही, तरी तिची तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. चित्र बराच वेळ फारसं हललं नाही की टीव्ही आपोआप मंद होत जातो. अंधाऱ्या गुहेत हळूहळू चालताना किंवा खेळातल्या नकाशात रमलेले असताना हे जाणवतं. मेनू उघडून बंद केला की उजेड परत येतो. तंत्रज्ञांच्या गुप्त मेनूत जाऊन ही सोय कायमची बंद करायची युक्ती अनेक जण सांगतात. ती करू नका. ज्या परिस्थितीत ठसा उमटतो, त्याच परिस्थितीतलं रक्षण तुम्ही काढून टाकता, आणि गुप्त मेनूतली छेडछाड वॉरंटीच्या वेळी आडवी येऊ शकते ती वेगळीच.

पायरी तिसरी: उजेड दोन ठिकाणी जुळवा

आधी साधं चित्र, म्हणजे एचडीआर नसलेलं. एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र. टीव्ही गेम मोडमध्ये असताना `Picture` → `Advanced Settings` → `Brightness` → `OLED Pixel Brightness` इथे जा. दिवसा उजेडाच्या खोलीत हा आकडा वर ठेवावा लागतो, पण रात्री दिवे मंद करून खेळताना 100 ची काहीच गरज नसते. 40 च्या आसपास ठेवून पाहा. पहिली पाच मिनिटं चित्र निस्तेज वाटेल, मग डोळे सरावतील. स्टुडिओत साधं चित्र 100 निट्स उजेडावर तयार केलं जातं आणि आजचे ओएलईडी पूर्ण उजेडावर त्याच्या कितीतरी पुढे जातात. म्हणजे अंधाऱ्या खोलीत 40 वर खेळताना तुम्ही चित्राचं काही गमावत नाही.

आता एचडीआर. इथे टीव्ही हा आकडा आपोआप 100 वर नेतो, आणि ते बरोबरही आहे, कारण एचडीआरमध्ये सूर्य, आग, तलवारीची चमक अशा छोट्या जागांसाठी पूर्ण ताकद लागते. तिथे आकडा कमी करून चित्र मारू नका. त्याऐवजी पीएस5 मध्ये दोन बदल करा.

पहिला बदल: `Settings` → `Screen and Video` → `Video Output` → `HDR` इथे `On When Supported` निवडा. `Always On` ठेवलं तर एचडीआर नसलेला खेळ आणि कन्सोलचा मुख्य पडदासुद्धा टीव्हीच्या एचडीआर मोडमध्ये दिसतो, आणि तुम्ही आत्ताच 40 वर आणलेला आकडा तिथे लागूच होत नाही.

दुसरा बदल: टीव्हीच्या एचडीआर सेटिंगमध्ये टोन मॅपिंग, म्हणजे खेळाचा उजेड टीव्हीच्या मर्यादेत बसवण्याची पद्धत, `HGiG` वर ठेवा आणि मग त्याच `Video Output` मधलं `Adjust HDR` करा. एकामागून एक तीन पडदे येतात आणि प्रत्येकावर खूण जेमतेम दिसेनाशी होईपर्यंत बटण दाबायचं असतं. यामुळे कन्सोलला टीव्हीची कमाल मर्यादा कळते. डायनॅमिक टोन मॅपिंग चालू असेल तर टीव्ही सगळं चित्रच उचलून उजळ करतो आणि त्याबरोबर हेल्थ बार, नकाशा, अक्षरंही उजळतात. `HGiG` मध्ये ती खेळ बनवणाऱ्यांनी ठरवलेल्या पातळीवर राहतात. काही खेळांत पट्ट्यांचा उजेड वेगळा ठरवण्याची दांडीही मिळते. मिळाली तर ती खाली ओढा.

पायरी चौथी: पट्टीच काढून टाका

माझ्या मते टीव्हीतल्या सगळ्या सोयींपेक्षा ही पायरी जास्त काम करते. पडद्यावर नसलेली पट्टी ठसा पाडू शकत नाही, आणि बहुतेक मोठ्या खेळांत ती लपवायची सोय खेळातच असते. लोकांनी फक्त ते मेनू उघडलेले नसतात.

एल्डन रिंगचं उदाहरण नीट पाहू, कारण त्यात डाव्या वरच्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन पट्ट्या असतात: जिवाची लाल, मंत्रशक्तीची निळी आणि दमाची हिरवी. यातली लाल पट्टी सगळ्यात चिंतेची. एलजीच्या नेहमीच्या ओएलईडी पडद्यात प्रत्येक पिक्सेलचे चार भाग असतात: लाल, हिरवा, निळा आणि पांढरा. मूळ उजेड पांढराच असतो आणि रंग गाळणीतून मिळतो. फिकट रंग दाखवताना पांढरा भाग मदतीला येतो, पण गडद लाल दाखवताना एकट्या लाल भागाला सगळं ओझं उचलावं लागतं आणि गाळणी त्याचा बराच उजेड खाते. म्हणून गडद, भरीव रंगाच्या पट्ट्या राखाडी अक्षरांपेक्षा जास्त झिजवतात.

समजा, एक जण सोमवार ते शुक्रवार रोज तीन तास आणि शनिवार-रविवारी सहा-सहा तास हा खेळ खेळतो. आठवड्याचे झाले 27 तास, चार आठवड्यांचे 108. तेवढ्यात खेळ बराचसा संपतो. पट्ट्या कायम चालू ठेवल्या तर त्या कोपऱ्यात 108 तास लाल उजेड राहतो. आता खेळाच्या मेनूत जाऊन `HUD`, म्हणजे चित्रावर दिसणाऱ्या पट्ट्या आणि खुणा, हे `Auto` वर करा. शांतपणे भटकताना पट्ट्या नाहीशा होतात आणि लढाई सुरू झाली की परत येतात. एकूण वेळेतला तिसरा हिस्सा लढाईत जातो असं धरलं तर 108 चे 36 तास झाले. त्यात रात्रीचा उजेड कमी केला तर झीज आणखी उतरते. खेळात काहीच बिघडत नाही. उलट मोकळ्या मैदानावरून घोडा दौडवताना कोपऱ्यात पट्ट्या नसल्या की ते जग जास्त मोठं वाटतं.

होरायझन फॉरबिडन वेस्टमध्येही अशीच गरजेपुरती दिसणारी मांडणी निवडता येते, आणि हवं तेव्हा टचपॅडला स्पर्श करून पट्ट्या बोलावता येतात. घोस्ट ऑफ त्सुशिमामध्ये तर मुळातच पडदा मोकळा ठेवला आहे, दिशा दाखवायला वारा वाहतो.

आता वरचे 108 तास आणि घरातलं दुसरं चित्र शेजारी ठेवून पाहा. त्याच टीव्हीवर संध्याकाळी चार तास बातम्यांचं चॅनेल लागत असेल, तर खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो आठवड्याला 28 तास आणि वर्षाला साडेचौदाशे तास तिथेच असतो. एल्डन रिंग संपतो, बातम्यांची पट्टी संपत नाही. हा केवळ अंदाज नाही. आरटिंग्ज या परीक्षण संस्थेनं 2018 मध्ये एलजी सी7 चे सहा टीव्ही रोज 20 तास चालवायला घेतले. सीएनएन वाहिनी दाखवणाऱ्या दोन टीव्हींवर कायमचे ठसे पडले, आणि पूर्ण उजेडावरच्या टीव्हीवर कमी उजेडावरच्यापेक्षा जास्त. कॉल ऑफ ड्यूटी हा खेळ तासन्‌तास दाखवणाऱ्या टीव्हीवर मात्र 5000 तासांनंतरही नेहमीचं चित्र पाहताना काही जाणवत नव्हतं. त्या खेळाच्या पट्ट्या बारीक आहेत, मधूनमधून नाहीशा होतात आणि भरीव रंगाच्या नाहीत. म्हणून खेळणाऱ्या मुलाला रागावण्याआधी बैठकीच्या खोलीतलं न्यूज चॅनेल किती वेळ चालतं ते पाहा. बातम्यांसाठी स्वयंपाकघरातला जुना एलईडी टीव्ही उत्तम.

याचा अर्थ सगळे खेळणारे निर्धास्त आहेत असा नाही. एकेक कथा संपवून पुढच्या खेळाकडे जाणाऱ्याला धोका कमी. वर्षानुवर्षं रोज एकच खेळ खेळणाऱ्याला मात्र खरा धोका आहे. फोर्टनाइटमध्ये जिवाच्या आणि ढालीच्या पट्ट्या कायम त्याच जागी असतात आणि त्या लपवून खेळणं अवघड असतं. ईए स्पोर्ट्स एफसी या फुटबॉलच्या खेळात गुणफलकाची चौकट प्रत्येक सामन्यात त्याच कोपऱ्यात असते. अशांचे तास बातम्यांसारखेच साठत जातात.

त्यांच्यासाठी उपाय असे. फोर्टनाइटमध्ये `HUD Scale` नावाची दांडी आहे. दर काही आठवड्यांनी ती थोडी खाली-वर करा, म्हणजे पट्ट्यांच्या कडा वेगळ्या पिक्सेलवर येतील आणि झीज एका रेषेवर न साठता पसरेल. आकार लहान केला तर एकूण जागाही कमी लागते. ईए स्पोर्ट्स एफसीमध्ये दृश्याच्या सेटिंगमध्ये जाऊन `Time/Score Display` आणि `Radar` बंद करता येतात. सरावाच्या सामन्यात गुणफलकाशिवाय काही अडत नाही. रडार लागत असेल तर तो ठेवा आणि गुणफलक तरी काढा. त्याशिवाय वरची उजेडाची पायरी या लोकांनी अजिबात टाळू नये.

पायरी पाचवी: कन्सोल सोडून उठताना

ठसा पाडणारे बरेच तास खेळातले नसतातच. फोन आला, कंट्रोलर सोफ्यावर ठेवला, बोलत बोलत गॅलरीत गेलो, आणि पॉज मेनू पाऊण तास तसाच उजळ राहिला. हे तास टाळायला काहीच कष्ट नाहीत.

पीएस5 मध्ये `Settings` → `System` → `Power Saving` → `Set Time Until PS5 Enters Rest Mode` इथे खेळासाठी आणि व्हिडिओसाठी वेगवेगळी वेळ ठरवता येते. तिथे मिळणारी सर्वांत कमी वेळ निवडा. मग `System` → `HDMI` मध्ये `Enable HDMI Device Link` आणि `Enable Power Off Link` चालू करा. आता टीव्ही रिमोटनं बंद केला की कन्सोलही त्याच्याबरोबर रेस्ट मोडमध्ये जातो. पाण्यासाठी उठलात तरी एकच बटण दाबायचं. फक्त ऑनलाइन सामना चालू असेल तर संपर्क तुटेल, एवढं ध्यानात ठेवा.

निन्टेन्डो स्विचमध्ये टीव्हीच्या सेटिंगमध्ये `Screen Burn-In Reduction` असतं. ते चालू असलं की पाच मिनिटं काही हालचाल झाली नाही तर पडदा मंद होतो. एक्सबॉक्समध्येही निष्क्रिय असताना पडदा मंद करण्याची आणि आपोआप बंद होण्याची वेळ ठरवता येते.

टीव्ही आणि कन्सोल कुठे ठेवले आहेत तेही पाहा. बंद कपाटाच्या कोनाड्यात टीव्ही बसवून त्याच्याच खाली कन्सोलची गरम हवा सोडली तर पडदा तापत राहतो, आणि उष्णता झीज वाढवते. मागे आणि वर हात जाईल एवढी मोकळी जागा असावी.

पायरी सहावी: दोन-तीन महिन्यांनी पडदा तपासा

टीव्हीवरच्या यूट्यूबवर एकरंगी पडद्यांचे व्हिडिओ मिळतात. 50 टक्के राखाडी, लाल, हिरवा, निळा आणि पिवळा हे पुरेसे आहेत. खोली अंधारी करा, प्रत्येक रंग अर्धा मिनिट ठेवा आणि जिथे तुमच्या खेळाची पट्टी असते त्या कोपऱ्याकडे पाहा. फोनवर उजेड एकसारखा लॉक करून फोटो काढा आणि तारखेसह ठेवा. पुढच्या वेळी तुलना करता येईल, कारण हळूहळू होणारा बदल नुसत्या आठवणीवर ओळखता येत नाही.

दिसलेली प्रत्येक सावली बर्न-इन नसते. 5 टक्के राखाडीवर उभ्या पुसट रेघा दिसल्या तर त्या पडद्याच्या जन्मापासूनच्या असतात, नव्या टीव्हीतही दिसतात. लांबचा खेळ संपल्या संपल्या पट्टीची सावली दिसली तर तो बहुतेक वेळा तात्पुरता ठसा असतो. दुसरं हलतं चित्र पाहिलं आणि टीव्ही बंद करून रात्रभर राहू दिला की तो जातो. कायमचा ठसा दिवसांनंतरही तिथेच असतो आणि अनेकदा एखाद्याच रंगात दिसतो. लाल पट्टी उमटली असेल तर ती लाल किंवा पिवळ्या पडद्यावर स्पष्ट आणि निळ्यावर अजिबात नाही, असं होतं. शंका आली तर ती सावली दिसत असताना कन्सोलवरून स्क्रीनशॉट घ्या आणि फोनवर पाहा. सावली स्क्रीनशॉटमध्येही असेल तर ती खेळाच्या चित्रातली आहे, पडद्याचा काही दोष नाही.

ठसा खरोखर टिकला असेल तर क्रम असा. आठवडाभर तो खेळ बाजूला ठेवा, वेगवेगळी चित्रं पाहा, रोज टीव्ही रिमोटनं बंद करून वीज चालू राहू द्या. तरीही दिसत असेल तर आता `Pixel Cleaning` एकदा करा. ते चालू असताना पडद्यावर आडवी किंवा पांढरी रेघ दिसू शकते, घाबरून टीव्ही बंद करू नका. त्यानंतर पुन्हा फोटो काढा. फिकट ठसे यानं बरेच कमी होतात. खोल झीज मात्र यानं जात नाही, आणि पुन्हा पुन्हा केल्यानंही जात नाही.

‘बर्न-इन घालवणारे’ म्हणून भराभर रंग बदलणारे व्हिडिओ फिरतात, ते रात्रभर लावून ठेवू नका. ओएलईडीत अडकलेलं असं काही नसतं, थकलेलं असतं. असे व्हिडिओ फक्त उरलेला पडदा झिजवतात.

शेवटी बिल आणि वॉरंटी कार्ड काढून पाहा. बहुतेक टीव्हींच्या नेहमीच्या वॉरंटीत न हलणाऱ्या चित्रामुळे पडलेला ठसा धरलेला नसतो, पण काही विस्तारित योजनांत तो येतो. सेवा केंद्राला फोन करण्याआधी योजनेचा मजकूर वाचा आणि तारखेचे फोटो, टीव्हीचा मॉडेल क्रमांक आणि एकूण वापराचे तास लिहून ठेवा. तासांचा आकडा अनेक टीव्हींत माहितीच्या पानावर दिसतो, आणि तंत्रज्ञ आल्यावर सहसा पहिला प्रश्न तोच विचारतो.